मिसळीचं हॉटेल चालवताना मालकाने स्वतःला कसं वाचवावं

प्रश्न : नाशिकमध्ये सातपूरला माझं मिसळीचं हॉटेल आहे, चाळीस खुर्च्या, सहा माणसं. पहाटे चारला उठतो, रात्री अकराला शटर पाडून घरी. सहा वर्षांत गावाकडची लग्नं सोडली तर सुटी नाही. हल्ली गिऱ्हाईक बोललं तरी चीड येते, रात्री अंग दुखतं पण झोप लागत नाही. माणसांवर सोडलं तर चव बिघडते आणि गल्ल्यात खोट येते. धंदा विकायचा नाही. विश्रांती कशी काढू?

उत्तर :

तुमच्या धंद्याची खरी अडचण कामाच्या तासांच्या बेरजेत नाही. दिवसाची दोन्ही टोकं तुमच्या हातात आहेत, तिथे ती आहे. पहाटेचा रस्सा तुम्हीच टाकता आणि रात्रीचा गल्लाही तुम्हीच मोजता. अकराला घरी पोचून, जेवून, अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत बारा वाजतात आणि चारला गजर. म्हणजे झोप चार तास. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. ही रोजची तीन तासांची तूट सकाळी फिरायला जाऊन, प्राणायाम करून किंवा वर्षातून चार दिवस महाबळेश्वरला जाऊन भरून निघत नाही. म्हणून ध्यानधारणा, छंद वगैरे सल्ले सध्या बाजूला ठेवा. आधी एक टोक सोडायचं आहे, आणि ते रात्रीचं.

बहुतेक मालक नेमकं उलटं करतात. पहाटे एखादा आचारी उभा करतात आणि गल्ला मात्र रात्री स्वतःच धरून बसतात, कारण पैशाची भीती चवीच्या भीतीपेक्षा मोठी वाटते. पण रस्सा दुसऱ्याच्या हाती देणं हे महिन्या-दोन महिन्यांचं काम आहे. गल्ला मिटवण्याची पद्धत पंधरा दिवसांत बसते आणि महिन्याभरात तुमच्या पदरात दोन-अडीच तासांची झोप टाकते. म्हणून आधी गल्ला, नंतर रस्सा, शेवटी आठवड्याची सुटी.

सुरुवात संध्याकाळच्या हिशेबाने करा. यूपीआयच्या व्यापारी अ‍ॅपमध्ये प्रत्येक व्यवहाराची वेळ असते. मागच्या चार आठवड्यांचे व्यवहार काढा आणि दुपारी चारनंतरची विक्री वेगळी करा. रोख विक्री बिलांवरून घ्या, बिलं नसतील तर आठ दिवस चार वाजता गल्ला एकदा मोजून ठेवा. समजा संध्याकाळची विक्री ४,५०० रुपये निघाली. त्यातले माल आणि गॅस मिळून पंचेचाळीस टक्के, म्हणजे २,०२५ गेले. संध्याकाळच्या दोन माणसांचे ११०० गेले. वीज, पार्सलचे डबे, ऑनलाइन ऑर्डरचं कमिशन यात पावणेतीनशे. हातात राहिले अकराशे. भाडं यात धरलेलं नाही, कारण ते संध्याकाळ बंद ठेवली तरी द्यावंच लागतं. चार ते अकरा हे तुमचे सात तास या अकराशे रुपयांसाठी जातात. तासाला साधारण एकशे सत्तावन्न रुपये.

आता संध्याकाळच्या दोघांपैकी जुन्या, भरवशाच्या माणसाला दिवसाला साडेतीनशे जास्त देऊन संध्याकाळचा प्रमुख केलं, तर साडेसातशे तरीही उरतात आणि तुम्ही साडेतीनला मोकळे. हिशेब याच्या उलट आला, म्हणजे प्रमुखाचा जादा पगार काढल्यावर काहीच उरत नसेल, तर सोमवार ते गुरुवार संध्याकाळ बंद करा. नाशिकमध्ये मिसळ हा मुळात सकाळ-दुपारचा धंदा आहे आणि दुपारी तीन-चारला शटर पाडणारी जागा गिऱ्हाइकाला विचित्र वाटत नाही. तुमच्याकडे सातपूर एमआयडीसीच्या पाळ्या सुटताना गर्दी होत असेल तर आकडे वेगळे येतील, म्हणून आपलेच आकडे काढा. शेजारच्याचं बघून ठरवू नका.

गल्ल्याची पद्धत अशी बसवा. रोज सकाळी गल्ल्यात ठरलेली सुटी रक्कम असू द्या, समजा २,००० रुपये. तीच दुसऱ्या दिवशीही तितकीच राहते. दुपारी साडेतीनला तुम्ही निघताना सकाळचा गल्ला मोजून उचलायचा आणि प्रमुखाला परत मोजून २,००० द्यायचे, त्याच्या सहीने. रात्री पावणेदहाला त्याने आधी रोख मोजायची आणि चिठ्ठीवर लिहायची, बिलिंग मशीनची बेरीज त्यानंतर काढायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. बेरीज आधी पाहिली की माणूस रोख त्या आकड्याला जुळवून लिहितो, मुद्दाम नसलं तरी. चिठ्ठीवर पाच ओळी पुरतात : रोख, यूपीआय, ऑनलाइन ऑर्डर, उधारी, आणि गल्ल्यातून दिलेला खर्च. खर्चाची प्रत्येक पावती खिळ्याला. रोख पाकिटात घालून तिजोरीच्या फटीतून आत टाकायची, चावी तुमच्याकडे. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि तो तुम्ही सकाळी पाहायचा.

पन्नास-शंभराचा फरक सुट्या पैशांच्या घोळात येतो. त्यासाठी रात्री साडेदहाला फोन करून माणसाला फैलावर घेतलंत तर पद्धत तिथेच मेली. फरक वहीत लिहीत जा आणि पंधरा दिवसांनी बघा. चूक असेल तर कधी कमी, कधी जास्त येतं. नेहमी कमीच येत असेल, ठरावीक वारीच येत असेल, किंवा फरक शून्य पण संध्याकाळी पाव आणि बिलं यांचं गणित जुळत नसेल, तर खोट आहे. पाव हा मिसळीच्या धंद्यातला सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. दुपारी किती लाद्या शिल्लक होत्या, रात्री किती उरल्या आणि बिलात किती प्लेटा नि जादा पाव निघाले, एवढं जुळवलं की बिलाशिवाय गेलेल्या प्लेटा दिसतात.

दुसरी अट फोनची. हॉटेलचा नंबर वेगळा करा आणि तो फोन हॉटेलातच राहू द्या. पाववाला, गॅसवाला, ऑनलाइन ऑर्डरचे डिलिव्हरीवाले, पार्टीच्या ऑर्डरी, सगळं त्याच नंबरवर. यूपीआयची खणखण तुमच्या खिशातल्या फोनवर येत असेल तर तुम्ही घरी बसूनही गल्ल्यावरच बसलेले असता. भिंतीवर प्लंबर, वायरमन, फ्रीजवाला आणि गॅस एजन्सी यांचे नंबर लावा आणि प्रमुखाला हजार रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करायची मुभा द्या. तुमच्या घरच्या नंबरवर तीनच कारणांसाठी फोन यावा : आग किंवा गॅसगळती, कुणाला इजा, सरकारी माणूस दारात. ‘दही संपलं’ याला उत्तर घरून द्यायचं नाही. दही संपलं तर आज दही नाही, एवढंच.

एक सूचना मात्र ठासून. संध्याकाळचा गल्ला सांभाळायला बायकोला बसवणं हा उपाय नव्हे. तिची घरची पाळी संपतच नाही, वर ही दुसरी. थकवा फक्त एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो आणि दोघांचं बोलणं दिवसभर हॉटेलचंच होतं. तिला धंद्यात यायचं असेल तर पगार, वेळ आणि अधिकार ठरवून यावं.

रात्र सुटली की पहिले काही आठवडे तुमचा दिवस असा बसतो. पहाट अजून तुमच्याकडेच आहे, तेव्हा उठणं चारलाच. साडेतीनला हॉटेलातून निघायचं. घरी पोचून, हातपाय धुऊन, चारच्या सुमाराला वीस-पंचवीस मिनिटं आडवं व्हायचं, गजर लावून. चाळीस-पन्नास मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून अर्धवट उठता, डोकं जड होतं आणि संध्याकाळभर माणूस कामातून जातो. पाचनंतरची डुलकी रात्रीची झोप खाते, म्हणून उशीर झाला तर त्या दिवशी डुलकी सोडून द्या. जेवण साडेसात-आठला, अंथरूण नऊ-साडेनऊला. साडेसहा तास झोप, वर डुलकी. आधीच्या चार तासांपुढे हे खूप आहे.

पहिले दोन-तीन आठवडे नऊला झोप येणार नाही, कारण सहा वर्षं अंगाला बाराची सवय आहे. झोपेची वेळ दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा, उठण्याची वेळ मात्र सुटीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त हलवू नका. सुटीच्या दिवशी नऊपर्यंत लोळलात की त्या रात्री झोप लागत नाही आणि दुसरा दिवस तुटतो. आणि चहा. हॉटेलवाला चहा पीत नाही, तो घोट घोट दिवसभर चालूच असतो. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. नऊला झोपायचं तर शेवटचा चहा दुपारी दोनला. सुरुवातीला डोकं दुखेल, म्हणून एकदम तोडू नका, रोज एकेक कप कमी करा. झोप लागावी म्हणून रात्री क्वार्टर घेणारे मालक कमी नाहीत. त्याने डोळा लागतो खरा, पण दोन-तीनला जाग येते आणि उरलेली झोप कच्ची होते. तुमच्यासारख्या चारला उठणाऱ्यासाठी हा सरळ तोट्याचा सौदा.

आता पहाटेचं टोक. चार वाजता का उठावं लागतं, याचं उत्तर बहुधा वाटणात सापडेल. कांदा-खोबरं भाजणं, आलं-लसूण, वाटणं, परतणं यात सव्वा तास जातो आणि त्यानंतर रस्सा उकळतो. वाटण पहाटे करायचं काही कारण नाही. दुपारी अडीचला, गर्दी ओसरल्यावर, मदतनीस ते दोन दिवसांचं करू शकतो. तेल सुटेपर्यंत परतून पसरट ट्रेमध्ये काढायचं, म्हणजे दोन तासांच्या आत निवतं, आणि झाकून फ्रीजमध्ये. खोल पातेल्यात तसंच गरम ठेवलं तर मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतं आणि आंबतं. दुसऱ्या दिवशी रश्श्याला येणारा आंबूस वास तिथून येतो, मसाल्यातून नाही. मटकी तर अशीही आदल्या दिवशीच मोड येऊन तयार असते. वाटण आणि मटकी तयार असली की पहाटेचं काम फोडणी आणि उकळी एवढंच उरतं, पाऊण ते एक तास.

ते काम दुसऱ्याने करायचं तर तुमचा हात वजनावर यायला हवा. ‘अंदाजाने टाकतो’ म्हणजे माप नाही असं नव्हे, माप तुमच्या मनगटात आहे आणि ते अजून कागदावर उतरलेलं नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणा. पाच दिवस तुम्ही नेहमीसारखाच रस्सा करा, काहीही बदलू नका. फक्त मसाल्याचा डबा, मिठाचा डबा, तेलाचं भांडं आणि वाटणाचा ट्रे प्रत्येकी आधी आणि नंतर काट्यावर ठेवा. वजाबाकी म्हणजे तुमचं माप. पाण्यासाठी लाकडी पट्टीवर पातेल्यातल्या पातळीची खूण करा. पाच दिवसांचे आकडे शेजारी मांडले की दिसेल, मीठ-मसाला थोडाफारच हलतो, मग सरासरी घ्या. उदाहरणादाखल, दहा लिटर रश्श्याला वाटण दीड किलो, कोरडा मसाला १८० ग्रॅम, मीठ १०५ ग्रॅम, तेल ७०० मिलिलिटर असे आकडे निघू शकतात. तुमचे वेगळे असतील आणि तेच वापरायचे.

चव हातातून गेली तर कारागीर समोरच्या चौकात गाडी लावेल, ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय पुडीचा आहे. कोरडा मसाला पंधरा दिवसांतून एकदा तुम्ही स्वतः करा आणि एका पातेल्याला एक अशा वजन केलेल्या पुड्या बांधून ठेवा. कारागिराला ठाऊक असतं की एक पुडी, एक ट्रे वाटण, एवढं मीठ, खुणेपर्यंत पाणी, उकळी आल्यावर वीस मिनिटं मंद. पुडीत काय किती आहे ते त्याला ठाऊक नसतं. तुमचं रोजचं काम पंधरा दिवसांतल्या एका दुपारवर आलं आणि गुपित गुपितच राहिलं.

मग चव बिघडते कुठे? बहुतेक वेळा पहाटे नाही, अकरानंतर. रस्सा शेगडीवर उकळत राहतो, पाणी उडतं, खारटपणा वाढतो. गिऱ्हाईक कुरकुरलं की पोऱ्या तांब्याभर गार पाणी ओततो, रस्सा बेचव होतो, मग कुणीतरी मूठभर मसाला कच्चाच टाकतो आणि घशाला ठसका बसतो. मालक तिथे असताना हे घडत नाही, कारण तो येता-जाता पळी हलवून, चाखून सावरत असतो. त्यालाच तो ‘माझ्या हाताची चव’ म्हणतो. त्याऐवजी नियम करा : मोठं पातेलं मंद आचेवर झाकून, वाढण्यापुरता रस्सा छोट्या भांड्यात, दर तासाला पट्टी बुडवून पाहायची आणि पातळी उडाली असेल तेवढंच उकळतं पाणी घालायचं. विकून कमी झालेल्या रश्श्यात अर्थातच पट्टीचा उपयोग नाही, म्हणून मोठ्या पातेल्यातून काढताना किती पळ्या काढल्या त्याची रेघ पाटीवर. तर्री आधीच वेगळी काढून ठेवा. नाहीतर पहिल्या पन्नास प्लेटांना सगळी तर्री जाते आणि बाराच्या गिऱ्हाइकाला फिका रस्सा मिळतो. चाखून पाहायचं ते सकाळी सातला, साडेदहाला आणि दीडला, ठरलेल्या माणसाने, पावाच्या तुकड्याबरोबर. नुसता रस्सा चाखला तर जीभ दुसऱ्याच घोटाला बोथट होते.

तुमची गरज खरी कधी लागते? मिरचीचा लॉट बदलला की. नवीन पोतं फुटलं की तिखट आणि रंग दोन्ही बदलतात. त्या दिवशी तुम्ही स्वतः एक लिटरचा नमुना करून पुडीचं वजन पुन्हा ठरवायचं. उन्हाळ्यात वर्षाची मिरची एकदम भरणाऱ्यांना हा त्रास वर्षातून एक-दोनदाच होतो.

हे बसायला सहा ते आठ आठवडे धरा. पहिले दोन आठवडे कारागीर करतो आणि तुम्ही शेजारी हात मागे बांधून उभे राहता. हे वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुम्ही फक्त उकळीच्या वेळी येता. त्यानंतर कारागीर पावणेसहाला शटर उघडतो, तुम्ही साडेसहाला येऊन चाखता. राहणं सिडकोकडे किंवा जवळपास असेल तर उठणं साडेपाचला आणि झोपणं दहाला. साडेसात तास. दोन माणसं तयार करा, एक नाही. एकच तयार केलात तर तो गावी गेला की तुम्ही परत चारला, आणि पगारवाढ मागताना त्याचा हात तुमच्या गळ्यावर.

आठवड्याच्या सुटीला मालक घाबरतात ते बरोबरच आहे, कारण ती फुकट नसते. दिवसाची विक्री १२,००० धरली आणि माल-गॅस पंचेचाळीस टक्के, तर बंदच्या दिवशी ६,६०० रुपये हातचे जातात, कारण पगार आणि भाडं चालूच राहतं. महिन्याला साधारण २६,००० होतात. पण याची दुसरी बाजू पहा. सहाही माणसांना आठवड्याला एक सुटी द्यायची तर महिन्याला चोवीस-पंचवीस हजेऱ्या कमी पडतात. सध्या त्या जागा कोण भरतं? तुम्हीच. कधी वेटर, कधी गल्ला, कधी भांड्यांपाशी. तुमच्या दमण्याचा मोठा हिस्सा इथे आहे आणि तो कुठल्याच वहीत दिसत नाही. बदली माणूस ठेवला तर ५५० रुपयांप्रमाणे तेरा-चौदा हजार लागतील. सगळ्यांची सुटी एकाच दिवशी केली तर उरलेले सहा दिवस पूर्ण माणसं हजर असतात आणि बदलीचा खर्च वाचतो. नेहमीचं गिऱ्हाईक काही अंशी दुसऱ्या दिवशी येतं. तेव्हा खरा खड्डा दहा हजारांच्या आसपासचा. तेवढंही परवडत नसेल, कर्जाचा हप्ता मोठा असेल, तर महिन्यातून दोन दिवस पूर्ण बंद आणि दोन दिवस फक्त दुपारी बारापर्यंत, असं सुरू करा.

वार निवडताना यूपीआयचे आकडेच वापरा. रविवार नाशिकमध्ये मिसळीचा, तो सोडूच नका. बहुधा सोमवार किंवा मंगळवार निघेल, पण तुमच्या भागातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुटी कोणत्या वारी आहे ते पहा, कामगार गिऱ्हाईक जास्त असेल तर तोच वार घ्या. शटर पूर्ण बंद ठेवा. हॉटेल चालू ठेवून ‘मी आज येणार नाही’ म्हणणारा मालक साडेदहाला ‘सहज’ चक्कर मारतो आणि दोनला घरी येतो. आणि सुटीच्या दिवशी पंचवटीच्या बाजार समितीत जाणं, बँक, सीए, मशीन दुरुस्ती हे काहीही नाही. ती सगळी कामं बुधवारी दुपारी साडेतीन ते सहा या एकाच वेळेत बसवा. सुटी खरीखुरी मिळाली की नाही याची खूण सोपी आहे : संध्याकाळी पाचला विचारलं की आज विक्री किती झाली असती, तर तुम्हाला आठवून हिशेब करावा लागला पाहिजे.

दिवसाच्या आत एक गोष्ट सांभाळा, बसून जेवण. आठ ते अकराच्या गर्दीत तुम्ही चाखलेला रस्सा, शेव आणि चहा यांच्यावर दुपारी तीनपर्यंत चालता. त्यातून अ‍ॅसिडिटी आणि तीनचा चिडका स्वभाव, जो वेटरवर निघतो. सव्वाअकराला वीस मिनिटं, गल्ल्यापासून लांब, घरचा डबा. या वीस मिनिटांत गल्ल्यावर कोण हे ठरलेलं असू द्या, नाहीतर घास हातात घेऊन सुटे पैसे द्यायला उठाल. शेगडीपाशी घाम जातो, म्हणून बाटलीवर खुणा करून दुपारपर्यंत दीड लिटर पाणी संपवा. एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त.

आता तुम्ही लिहिलेल्या लक्षणांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या या ‘बर्नआउट’ अवस्थेची व्याख्या केली. तिच्यात तीन गोष्टी आहेत : शक्ती संपून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. संघटना या अवस्थेला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. तुमची गिऱ्हाइकावरची चीड दुसऱ्या गोष्टीत बसते आणि ती बहुधा झोप सुधारली की तीन-चार आठवड्यांत उतरते. पण सगळंच धंद्यावर ढकलू नका. वर सांगितलेल्या वेळा सुरू करतानाच डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं आपल्याकडे नेहमीचं आहे आणि अंगदुखी, थकवा, चिडचिड ही त्याचीही लक्षणं. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, ते घरच्यांना विचारा. तसं असेल तर आठ तास झोपूनही दमलेलेच उठाल आणि मग उपचार वेगळा लागतो.

दोन गोष्टींना थांबायचं नाही. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्यात कळ, सोबत घाम, हे ‘तर्रीने जळजळतंय’ म्हणून सोड्यावर काढू नका, लगेच दवाखाना. आणि पुरेशी झोप मिळूनही दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर हा थकवा नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटण्याचा विचार आला असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी फोन करा.

पद्धत मोडते ती गर्दीच्या हंगामात. थंडीत, नोव्हेंबर ते जानेवारी, विक्री चढते आणि मालक ‘एवढा महिना’ म्हणून परत दोन्ही टोकं धरतो. तो महिना मग संपत नाही. हंगामासाठी आधीच ठरवा की तास तुमचे वाढणार नाहीत, एक हंगामी माणूस वाढेल आणि पदार्थ कमी होतील. २०२७ चा सिंहस्थ तर समोर आहे. शाही स्नानाच्या दिवसांत रस्ते बंद राहतील, पाव आणि दूध वेळेवर येणार नाही, माणसं घरून पोचू शकणार नाहीत. त्या दिवसांसाठी कारागिरांची राहण्याची सोय हॉटेलजवळ, आदल्या दिवशीच माल भरलेला, मिसळ-पाव, चहा आणि एक गोड एवढाच मेनू, आणि दोन पाळ्या, ज्यातल्या एकीत तुम्ही नसाल. दुसरी पाळी चालवणारा माणूस त्या आठवड्यात शोधून सापडत नाही. तो आज संध्याकाळचा गल्ला कुणाकडे देता त्यातूनच तयार होतो.